बचत गटाच्या वहीचा फोटो आणि सदस्यनिहाय तक्ता: आकडे कसे वाचायचे, ताळा कसा घ्यायचा

पुण्यात येरवडा, पर्वती पायथा, हडपसर असे कुठेही बचत गटांसोबत काम सुरू केलंत किंवा मुळशीकडच्या गावांत उमेदच्या गटांना मदत करायला गेलात, की पहिल्या काही दिवसांतच सचिव ताईंकडून वहीच्या पानाचा फोटो येतो आणि सोबत निरोप असतो, ‘एवढं कॉम्प्युटरवर घेऊन द्या.’ बँकेला कर्जासाठी सदस्यनिहाय यादी हवी असते, किंवा वर्षअखेरीला कोणाची किती बचत झाली ते गटालाच पाहायचं असतं. काम टायपिंगचं वाटतं, पण टायपिंग हा त्याचा सर्वांत सोपा भाग आहे. खरं काम आहे ते वाचण्याचं. फोटोतला आकडा नेमका कोणता, आणि आपण तो बरोबर वाचला हे कशावरून ठरवायचं, हे या लेखात एका महिन्याचं पान घेऊन दाखवतो.

आधी फोटो नीट मिळवा

फोटो खराब असेल तर पुढची हुशारी उपयोगी पडत नाही. पान सपाट ठेवून, खिडकीजवळच्या उजेडात, बरोबर वरून फोटो काढायला सांगा. फ्लॅश नको, कारण बॉलपेनच्या शाईवर चकाकी येते आणि नेमका एखादा आकडाच पांढरा होतो. शिवणीकडचा रकाना आत वळतो, म्हणून त्या बाजूचा जवळून वेगळा फोटो घ्यावा. वरची रकान्यांची नावं आणि तळाची बेरजेची ओळ फोटोत आलीच पाहिजे. घाईत नेमकी हीच दोन टोकं कापली जातात आणि ताळा घ्यायला सर्वांत जास्त त्यांचाच आधार असतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जाऊन पुसट होतो, तेव्हा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

एकच पान मागू नका. त्याच्या मागच्या महिन्याचं पान, त्या सभेच्या तारखेचं रोकड वहीचं पान आणि जमलं तर पुढच्या महिन्याचंही पान मागा. का, ते उदाहरणात दिसेल.

रकाने ओळखा

गटागटाची छापील वही वेगळी असते, पण बचत-कर्जाच्या पानावर साधारण सारख्याच गोष्टी असतात: अनुक्रमांक, सदस्याचं नाव, मागील बचत, या महिन्याची बचत, एकूण बचत, मागील कर्जबाकी, नवीन कर्ज, परतफेड किंवा हप्ता, व्याज, दंड आणि शेवटी येणे बाकी. या रकान्यांमध्ये दोन साधी नाती आहेत. मागील बचतीत या महिन्याची बचत मिळवली की एकूण बचत आली पाहिजे. मागील बाकीत नवीन कर्ज मिळवून त्यातून परत केलेलं मुद्दल वजा केलं की येणे बाकी आली पाहिजे. व्याज आणि दंड यांचा बाकीशी संबंध नाही. ते गटाचं उत्पन्न आहे, सदस्याचं कर्ज त्याने कमी होत नाही. नवख्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो, म्हणून हे पक्कं करूनच पुढे जा.

तिसरं नातं व्याजाचं. अनेक गटांत अंतर्गत कर्जाला महिना शेकडा दोन असा दर असतो आणि तो मागील बाकीवर लागतो. पण प्रत्येक गटाचा ठराव वेगळा असू शकतो. तेव्हा दर सचिव ताईंना विचारून घ्या आणि तक्त्याच्या वरच लिहून ठेवा. तो स्वतः गृहीत धरू नका.

तक्ता मांडताना

गुगल शीट किंवा एक्सेलमध्ये वहीतल्या क्रमानेच रकाने घ्या: ए मध्ये अनुक्रमांक, बी मध्ये नाव, सी मागील बचत, डी या महिन्याची बचत, ई वहीतली एकूण बचत, एफ मागील कर्जबाकी, जी नवीन कर्ज, एच हप्ता, आय व्याज, जे दंड, के वहीतली येणे बाकी. त्यापुढे तीन रकाने तुमचे: एल बचतीचा फरक, एम कर्जाचा फरक, एन व्याजाचा दर. शेवटी शेरा.

```
L2:  =E2-(C2+D2)
M2:  =K2-(F2+G2-H2)
N2:  =IF(F2>0,I2/F2,"")
```

एकूण बचत आणि येणे बाकी हे दोन रकाने सूत्राने भरायचा मोह होतो. तसं करू नका. ते आकडे वहीतून वाचूनच टाका, कारण वहीतला आकडा आणि हिशोबाने येणारा आकडा शेजारी शेजारी ठेवले तरच चूक सापडते. सूत्राने भरलेला तक्ता नेहमीच जुळतो आणि म्हणूनच तो काही सांगत नाही.

शीटमध्ये आकडे इंग्रजी अंकांत टाका, स्वल्पविराम, ‘रु.’ किंवा ‘/-’ काहीही न लावता. देवनागरी अंक शीटला बऱ्याचदा नुसती अक्षरं वाटतात आणि बेरीज चालत नाही. आकडा शीटच्या चौकोनात उजवीकडे चिकटला तर शीटने तो आकडा म्हणून घेतला, डावीकडे राहिला तर मजकूर म्हणून. वाचता न आलेल्या जागी `?` टाका. त्याने फरकाच्या रकान्यात `#VALUE!` येईल आणि ते चांगलंच आहे, कारण ती ओळ विसरली जाणार नाही. मात्र `SUM` असे चौकोन गुपचूप वगळतो. म्हणून एकही `?` शिल्लक असताना तळाच्या बेरजेवर विसंबू नका.

अक्षरं फसवतात ती कुठे

आपल्याकडच्या वह्यांत सर्वांत मोठा सापळा आहे दोन लिप्यांच्या अंकांची सरमिसळ. गटाच्या लेखापाल ताई ‘मागील’चे रकाने सभेच्या आधी घरी देवनागरीत भरून आणतात आणि सभेत सचिव ताई किंवा त्यांची मुलगी बाकीचे रकाने इंग्रजी अंकांत भरते, असं पान अगदी नेहमीचं आहे. अशा पानावर देवनागरी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो, देवनागरी ४ हा वरून उघड्या राहिलेल्या इंग्रजी 8 सारखा, आणि देवनागरी ५ घाईत लिहिला की इंग्रजी 4 सारखा. म्हणून वाचायला बसल्यावर आधी एकही आकडा टाइप न करता पूर्ण पान पाहा आणि कोणता रकाना कोणत्या अंकांत आहे ते कागदावर लिहून घ्या. ओळीओळीने वाचण्यापेक्षा रकान्याने, वरून खाली वाचा. एकाच हाताचे, एकाच लिपीतले आकडे सलग डोळ्यांसमोर आले की त्या हाताची सवय कळते.

दुसरा सापळा शेपटीचा. ‘५००/-’ मधली तिरकी रेघ सरळ आली की ते पाच हजार एक वाटतं. ‘१००=००’ अशी रुपये-पैशांची जुनी पद्धत काही ताई अजून वापरतात. तिथे बरोबरच्या चिन्हानंतरचे दोन शून्य म्हणजे पैसे, ते टाकायचे नाहीत.

तिसरा सापळा रिकाम्या जागेचा. पहिल्या ओळीत २०० लिहून खाली नुसत्या वरीलप्रमाणेच्या खुणा असतात, आणि मध्येच कोणी पैसे भरले नाहीत तर आडवी रेघ असते. फोटोत या दोन्ही खुणा सारख्याच दिसतात. एकीचा अर्थ दोनशे, दुसरीचा शून्य. डोळ्यांनी ते सुटत नाही, शेजारच्या एकूण बचतीने सुटतं.

एक पान वाचून पाहू

समजा, दहा जणींचा गट आहे, महिना बचत २०० रुपये, गटाचा तिसावा महिना चालू आहे आणि व्याज महिना शेकडा दोन. हे पान समजावण्यासाठी रचलेलं आहे, पण त्यातली प्रत्येक अडचण खऱ्या वह्यांमध्ये भेटते. नावांऐवजी इथे अनुक्रमांकच वापरतो.

बचतीची बाजू आधी घ्या. मागील बचत बहुतेकींची ५,८०० आहे. चौथ्या क्रमांकाची ५,६००, कारण मागच्या सभेला त्या नव्हत्या. या महिन्यात त्यांच्या नावापुढे ४०० आणि दंड १० आहे, एकूण ६,०००. जुळलं. सातव्या ओळीत या महिन्याच्या बचतीच्या जागी एक खूण आहे, ती रेघ की वरीलप्रमाणे ते कळत नाही. त्यांची मागील बचत ५,८०० आणि एकूण बचतही ५,८०० लिहिली आहे. म्हणजे ती रेघ आहे, पैसे भरलेले नाहीत, तिथे 0 टाकायचा. बाकी आठ जणींचे दोनशेप्रमाणे १,६०० आणि चौथ्या ताईंचे ४०० मिळून महिन्याची बचत २,००० होते. तळाला मागील बेरीज ५७,८०० आणि आताची ५९,८०० आहे, फरक बरोबर दोन हजार. बचतीचा प्रश्न संपला.

आता कर्ज. पाच जणींच्या ओळींत आकडे आहेत. फोटोत जसे दिसतात तसे ते असे (वाचायला सोपं जावं म्हणून इथे सगळे देवनागरी अंकांत दिले आहेत):

| अ.क्र. | मागील बाकी | नवीन कर्ज | हप्ता | व्याज | येणे बाकी |
|---|---|---|---|---|---|
| २ | ८,००० | | १,००० | १६० | ७,००० |
| ५ | ४,००० की ५,०००? | | ५०० | १०० | ४,५०० |
| ६ | ६,००० | | ५०० | १२० | ५,००० |
| ८ | १०,००० | | १,२०० | | ९,००० |
| ९ | | १२,००० | | | १२,००० |
| एकूण | २९,००० | १२,००० | ३,२०० | ३८० | ३७,५०० |

दुसरी ओळ सरळ आहे. आठ हजारांतून हजार गेले, सात हजार राहिले, आणि आठ हजारांचे शेकडा दोनने १६० झाले. नववी ओळही सरळ: कर्ज याच महिन्यात घेतलंय, म्हणून व्याज पुढच्या महिन्यापासून.

पाचव्या ओळीत मागील बाकीचा पहिला अंक संशयास्पद आहे. चार हजार धरले तर एम रकाना १,००० चा फरक दाखवतो आणि व्याजाचा दर ०.०२५ येतो. पाच हजार धरले तर फरक शून्य आणि दर बरोबर ०.०२. दोन वेगवेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं, शिवाय मागील बाकीच्या रकान्याची बेरीजही पाच हजार धरल्यावरच २९,००० होते. म्हणजे तो देवनागरी ५ आहे. असं उत्तर मिळालं की आकडा टाका आणि शेऱ्यात ‘व्याज व बेरजेवरून ५ ठरवला’ एवढं लिहा. मागच्या महिन्याचं पान हाताशी असेल तर तिथली येणे बाकी ४,००० नव्हे, ५,००० असणार, तेही पाहून घ्या.

आठवी ओळ वेगळ्या जातीची आहे. इथे अंक स्वच्छ आहेत, तरी एम रकाना २०० चा फरक दाखवतो. दहा हजारांतून बाराशे गेले तर ८,८०० उरायला हवेत आणि वहीत ९,००० आहेत. व्याजाची जागा रिकामी आहे, आणि दहा हजारांचं शेकडा दोनने व्याज नेमकं २०० होतं. म्हणजे या ओळीत मुद्दल आणि व्याज एकत्र करून हप्त्यात लिहिलंय. ताई म्हणतात, ‘हप्ता बाराशे भरला’, आणि लिहिणारी तसंच लिहिते. असा फरक दिसला की तो व्याजाएवढा आहे का हे सर्वांत आधी तपासायचं. काही गटांत सगळ्याच ओळी अशा एकत्र लिहिलेल्या असतात. तिथे मागील बाकीतून येणे बाकी वजा केली की मुद्दल मिळतं.

हे वाचताना तक्त्याच्या दोन प्रती ठेवा. पहिल्या पानाला ‘वाचन’ नाव द्या आणि तिथे वहीत दिसतं तेच राहू द्या, बाराशेसुद्धा. त्याची प्रत करून दुसऱ्याला ‘ताळा’ म्हणा आणि तिथे १,००० मुद्दल, २०० व्याज असं फोडा. कोणी विचारलं की ‘वहीत बाराशे आहे, तुमच्याकडे हजार कसं?’, तर दोन्ही दाखवता येतात.

सहावी ओळ सर्वांत महत्त्वाची. सहा हजारांतून पाचशे गेले तर ५,५०० उरतात, वहीत ५,००० आहेत. व्याज १२० बरोबर आहे, म्हणजे मागील बाकी सहा हजारच. तर मग दोन शक्यता: हप्ता खरं तर हजार होता आणि पाचशे लिहिला गेला, किंवा हप्ता पाचशेच आणि बाकी काढताना चूक झाली. या पानावरचं गणित एवढ्यावरच थांबतं. इथे रोकड वही लागते. त्या सभेत जमा किती झाली असती ते जोडा: बचत २,०००, हप्त्यांची बेरीज ३,२००, व्याज ३८०, दंड १०, एकूण ५,५९०. रोकड वहीत त्या तारखेला सदस्यांकडून जमा ५,५९० असेल तर हप्ता पाचशेच आहे आणि बाकी चुकली आहे. ६,०९० असेल तर हजार भरले होते आणि हप्त्याच्या रकान्यात चूक आहे. आपल्या पानाच्या रोकड वहीत ५,५९० आहे असं धरू.

आता कळलं तरी ५,००० खोडून ५,५०० टाकायचे नाहीत. सहाव्या ताईंच्या डोक्यावर पाचशे रुपयांचं कर्ज वाढवणारा हा बदल आहे. तो संगणकावर बसलेल्या माणसाने करायचा नाही. के रकान्यात ५,००० राहू द्या, फरक −५०० दिसू द्या, शेऱ्यात रोकड वहीचा आधार लिहा. मग सचिव ताईंना फोन करून त्या सदस्याच्या पासबुकात काय आहे ते विचारा. पासबुक सदस्याकडे असतं आणि सभेत तिच्यासमोर लिहिलं जातं, म्हणून ते वहीपेक्षा वेगळा साक्षीदार आहे. पुढच्या महिन्याच्या पानावर मागील बाकी ५,००० उतरवली आहे की ५,५०० तेही पाहा. बरेचदा गटानेच ती चूक पुढच्या सभेत धरलेली असते.

तळाच्या बेरजेवर भाळू नका

वरच्या पानावर नुसती तळाची ओळ तपासली असती तर काय दिसलं असतं? २९,००० अधिक १२,००० वजा ३,२०० म्हणजे ३७,८००, आणि वहीत ३७,५००. फरक तीनशेचा. पण तीनशेची चूक पानावर कुठेच नाही. आठव्या ओळीचा २०० जास्त आणि सहाव्या ओळीचा ५०० कमी एकमेकांत मिसळून ३०० झाले आहेत. हेच दोन आकडे सारखे असते तर फरक शून्य दिसला असता आणि दोन्ही चुका तशाच बँकेत गेल्या असत्या. म्हणून आधी प्रत्येक ओळ, मग रकान्याची बेरीज, शेवटी रोकड वही, असा क्रम ठेवा.

या ताळ्यालाही मर्यादा आहेत. मागील बाकीतला आणि येणे बाकीतला अंक तुम्ही सारखाच चुकीचा वाचला, उदाहरणार्थ दोन्हीकडे १८ हजारांचे ९८ हजार केले, तर फरकाचा रकाना शून्यच दाखवेल. तिथे फक्त व्याजाचा दर ओरडतो, आणि रकान्याची बेरीज. बचतीत सगळ्यांचे आकडे सारखे असल्यामुळे एक ओळ वरखाली सरकली तरी काही कळत नाही. त्यासाठी टाइप करताना फोटोवर पट्टी किंवा कागद ठेवून एकच ओळ उघडी ठेवा आणि दर पाचव्या ओळीला नाव पुन्हा पडताळा. नावाचं म्हणाल तर एकाच गटात एकाच नावाच्या दोन ताई असतातच. वहीत जसं नाव आहे तसंच लिहा, आडनाव किंवा नवऱ्याचं नाव हजेरी पुस्तकातून घ्या, आणि एखादी सदस्य गट सोडून गेल्यावर अनुक्रमांक बदलतात हे लक्षात ठेवून महिने जोडताना नावावर जोडा.

एकाच सदस्याकडे अंतर्गत कर्ज आणि बँकेचं कर्ज अशी दोन कर्जं असतील आणि वहीत एकाच चौकोनात ‘५०००+३०००’ लिहिलं असेल, तर तिच्यासाठी दोन ओळी करा आणि कर्जाचा प्रकार वेगळ्या रकान्यात द्या. दर वेगळे असल्याने एकत्र केलं की व्याजाचा ताळा लागत नाही.

परत देताना

सचिव ताईंना पूर्ण शीट पाठवून ‘बघून घ्या’ म्हणण्यात अर्थ नाही, मोबाईलवर पंधरा रकाने कोणी वाचत नाही. फरक असलेल्या ओळींची छोटी यादी मराठीत लिहून पाठवा: ‘अ.क्र. ६, मागील बाकी ६,०००, हप्ता ५००, वहीत बाकी ५,०००, हिशोबाने ५,५००, रोकड वहीत जमा ५,५९० आहे, पासबुक पाहून सांगा.’ गटाच्या मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्हे, सचिव ताईंनाच, कारण कोणाकडे किती बाकी आहे हा त्या गटातला विषय आहे. तक्त्यात आधार क्रमांक, फोन नंबर टाकायची गरज नाही, आणि काम झाल्यावर फोटो फोनच्या गॅलरीत पडून राहू देऊ नका.

दुरुस्ती ठरली की ती आधी वहीत व्हायला हवी. पुढच्या सभेत सदस्यासमोर चुकीचा आकडा एका रेघेने खोडून, बाजूला बरोबर आकडा लिहून अध्यक्ष आणि सचिवांची सही घ्यायची. सफेदा लावायचा नाही, म्हणजे जुना आकडा वाचता येतो. त्या दुरुस्त पानाचा नवा फोटो आला की ‘ताळा’ पानावर बदल करा आणि शेऱ्यात सभेची तारीख लिहा. ‘वाचन’ पान तसंच राहू द्या.